विश्लेषण : कंपनी कर घटला, मग भांडवल महाग कसे झाले?

२० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात, वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीआधी कंपनी करात मोठी कपात जाहीर केली. सवलतींवर पाणी सोडणाऱ्या कंपन्यांसाठी मूळ दर २२ टक्के झाला. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. बड्या कंपन्यांना तोवर ३४.९४ टक्के भरावे लागत होते. शेअर बाजाराने त्याच दिवशी उसळी घेतली. मात्र या कपातीची दुसरी बाजू फारशी चर्चेत आली नाही. कर्ज घेतलेल्या कंपनीला व्याजावर मिळणारी करबचत त्याच दिवशी आटली.

व्याज आणि कर यांचा संबंध काय?

कंपनी सावकाराला देते ते व्याज हा खर्च असतो. तो वजा करून उरलेल्या नफ्यावर कर लागतो. भागधारकांना दिलेला लाभांश मात्र कर भरून उरलेल्या पैशातून जातो. त्यामुळे बँकेला १०० रुपये व्याज दिले की करपात्र नफा १०० रुपयांनी घटतो आणि २५.१७ टक्के दराने २५ रुपये १७ पैसे कर वाचतो. म्हणजे कंपनीच्या खिशातून खऱ्या अर्थाने ७४ रुपये ८३ पैसेच गेले. यालाच करोत्तर कर्जखर्च म्हणतात. कर्जाचा दर १० टक्के असेल तर करोत्तर खर्च ७.४८ टक्के पडतो. जुन्या ३४.९४ टक्के दराने तोच ६.५१ टक्के पडत होता. वाचलेल्या कराला ‘इंटरेस्ट टॅक्स शील्ड’, मराठीत व्याजाची करढाल म्हणतात. कराचा दर जितका चढा, तितकी ढाल जाड.

याने कंपनीचे मूल्य किती बदलते?

एक काल्पनिक कंपनी घेऊ. व्याज आणि कर देण्यापूर्वी ती दरवर्षी १०० कोटी रुपये कमावते आणि पुढेही तेवढेच कमावत राहील, असे धरू. कर्ज नसताना अशा धंद्यातून गुंतवणूकदार १२.५ टक्के परताव्याची अपेक्षा ठेवतात. नव्या दराने कर भरून ७४.८३ कोटी उरतात. त्यांना १२.५ टक्क्यांनी भागले की बिनकर्जाच्या कंपनीचे मूल्य साधारण ५९९ कोटी निघते.

आता हीच कंपनी ३०० कोटींचे कर्ज १० टक्क्यांनी घेते आणि ते कायम ठेवते. व्याज ३० कोटी, करबचत दरवर्षी ७.५५ कोटी. कर्जाइतक्याच जोखमीची ही बचत १० टक्क्यांनी भागली की आजचे मूल्य ७५.५ कोटी येते. एकूण मूल्य झाले ६७४ कोटी. धंदा तोच, यंत्रे तीच. वाढ झाली ती सरकारकडे जाणारा वाटा घटल्याने. फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थतज्ज्ञांनी १९५८ मध्ये मांडले होते की कर नसेल तर कर्ज आणि भागभांडवल यांच्या प्रमाणाने कंपनीचे मूल्य बदलत नाही. १९६३ मध्ये त्यांनी कर हिशेबात धरून त्यात दुरुस्ती केली. वरचे गणित त्या दुरुस्तीचेच आहे.

भांडवलाचा सरासरी खर्च कसा काढतात?

कंपनीत भागधारकांचा पैसा असतो आणि सावकारांचाही. दोघांच्या अपेक्षा वेगळ्या. ज्याचा वाटा जितका, तितके वजन देऊन काढलेली सरासरी म्हणजे भारित सरासरी भांडवल खर्च, वित्तक्षेत्रातील लोकांच्या तोंडी ‘वॅक’. आपल्या कंपनीत ६७४ पैकी ३०० कोटी कर्ज आणि ३७४ कोटी भागभांडवल. व्याज आणि कर देऊन भागधारकांना ५२.३८ कोटी उरतात, म्हणजे त्यांचा परतावा १४ टक्के. तो १२.५ हून जास्त आहे, कारण सावकाराचे देणे आधी फेडायचे असल्याने त्यांची जोखीम वाढली आहे. चौदा टक्क्यांना ३७४ चे आणि करोत्तर ७.४८ टक्क्यांना ३०० चे वजन दिले की ‘वॅक’ ११.१ टक्के येतो. पडताळा सोपा आहे : ७४.८३ कोटींना ११.१ टक्क्यांनी भागा, पुन्हा ६७४ कोटीच मिळतात.

वजने बाजारमूल्याची घ्यायची, ताळेबंदातली नव्हे. जुन्या कंपनीचे भागभांडवल ताळेबंदात नाममात्र दिसते, त्यावरून गणित केले तर कर्जाचा वाटा फुगतो आणि ‘वॅक’ खोटा कमी दिसतो.

मग कपातीने फायदा झाला की तोटा?

जुन्या ३४.९४ टक्के दराने हेच गणित करून पाहू. कर भरून ६५.०६ कोटी उरत. बिनकर्जाचे मूल्य ५२०.५ कोटी, करढाल १०४.८ कोटी, एकूण ६२५ कोटी. त्या वेळचा ‘वॅक’ १०.४ टक्के. म्हणजे कपातीनंतर ढालीचे मूल्य २९ कोटींनी घटले आणि ‘वॅक’ १०.४ वरून ११.१ वर गेला. भांडवल ‘महाग’ झाले. तरी कंपनीचे मूल्य मात्र ४९ कोटींनी वाढले, कारण ज्या रकमेला भागायचे ती करोत्तर कमाईच जवळपास दहा कोटींनी वाढली.

गफलत होते ती इथे. ‘वॅक’ वाढला म्हणजे वाईट, घटला म्हणजे चांगले, असे सर्रास लिहिले जाते. कराचा दर बदलला असेल तर ते खरे नाही, कमाई आणि भाजक दोन्ही एकत्र पाहावे लागतात. एक मात्र खरे : नव्या दरात कर्ज घेण्याचे करामुळे असलेले आकर्षण पूर्वीपेक्षा कमी आहे.

ढाल नेहमी मिळते का?

नाही. ढालीसाठी नफा लागतो. मंदीच्या वर्षी आपल्या कंपनीची कमाई २० कोटींवर आली तर ३० कोटी व्याज वजा करून १० कोटींचा तोटा होतो. त्या वर्षी वाचणारा कर ५.०३ कोटी, ७.५५ नव्हे. उरलेला तोटा पुढच्या आठ वर्षांत नफ्यातून वजा करता येतो, पण उशिरा मिळालेला रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. सतत तोट्यात असलेल्या कंपनीचा करोत्तर कर्जखर्च ७.४८ टक्के धरणे म्हणजे न मिळणारी सवलत मोजणे.

विदेशी समूह कंपनीकडून घेतलेल्या कर्जाला आणखी एक मर्यादा आहे. प्राप्तिकर कायद्यात २०१७ मध्ये आलेल्या कलम ९४ बी नुसार, असे व्याज एक कोटींच्या पुढे गेले तर घसारा, व्याज आणि कर यांपूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते. बँका आणि विमा कंपन्या त्यातून वगळल्या आहेत.

शिवाय कर्ज वाढत गेले की सावकार दर वाढवतात, पुरवठादार रोखीने पैसे मागू लागतात आणि दिवाळखोरीची शक्यता ढालीचा फायदा खाऊन टाकते. ३०० ऐवजी ६०० कोटी घेतले की मूल्य आणखी ७५ कोटींनी वाढेल, हे कागदावरच राहते.

मूल्यांकन अहवाल वाचताना काय पाहावे?

एक चूक वारंवार दिसते : करढाल दोनदा मोजणे. ‘वॅक’ काढताना करोत्तर कर्जखर्च वापरला की ढाल त्यात आलीच. मग रोख प्रवाह काढताना कर व्याज वजा न करताच आकारायला हवा, म्हणजे आपल्या उदाहरणात १०० कोटींवर. अहवालात ७० कोटींवर कर धरून रोख ८२.३८ कोटी दाखवली आणि तिला ११.१ टक्क्यांनी भागले, तर मूल्य ७४२ कोटी येते. प्रत्यक्षापेक्षा हे ६८ कोटींनी जास्त आहे.