घरात सहाऐवजी दोघेच उरले, तर भात-वरण किती लावायचे? उरलेल्या अन्नाचे गणित सोपे करून समजून घ्या

बीड : दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या भागांतून ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुलगा-सून कारखान्यावर गेले की सहा माणसांच्या घरात अनेकदा म्हातारा-म्हातारी दोघेच उरतात. हात मात्र सहा जणांच्या मापाला सरावलेला असतो. त्यामुळे पहिले काही दिवस पातेल्यात रोज काहीतरी उरते.

अंदाज नेमका कुठे चुकतो?

सहा जणांसाठी दोन वाट्या तांदूळ लागत असतील, तर दोघांना त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे पाऊण वाटीहून थोडा कमी पुरायला हवा. प्रत्यक्षात 'एवढ्याशाने काय होणार' म्हणून वर एक मूठ पडते. कोरडा तांदूळ शिजून साधारण तिप्पट होतो. म्हणजे ती एक मूठ ताटात तीन मुठींची होते.

दोघांसाठी किती घ्यायचे?

१५० मिलिलिटरची स्टीलची वाटी माप म्हणून धरू. तिच्यात सुमारे १२० ग्रॅम तांदूळ किंवा तूरडाळ बसते. जेवणात ज्वारीची भाकरी असेल, तर दोघांना एका वेळेला अर्धी वाटी तांदूळ पुरतो. त्याचा दीड वाटी भात होतो. भाकरी नसेल आणि पोट भातावरच भरायचे असेल, तर एक वाटी तांदूळ घ्यावा.

वरणाला एका वेळेला अर्ध्या वाटीपेक्षा थोडी कमी डाळ पुरे. शिजवून, घोटून, पाणी घातल्यावर तिचे दीड ते दोन वाट्या वरण होते.

भाजीत फसगत होते ती पालेभाजीची. मेथीची जुडी भरगच्च दिसते, पण देठे काढून पाला शिजला की वाटीभरच उरते. म्हणून दोघांना अख्खी जुडी लागते. वांगी, भेंडी पालेभाजीइतकी आटत नाहीत, त्यामुळे एक पाव भाजी दोघांना एका वेळेला पुरते.

पाणी त्याच हिशेबाने कमी करायचे का?

उघड्या पातेल्यात तसे करू नये. वाफ होऊन जाणारे पाणी पातेल्याच्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असते, तांदळावर नाही. मोठ्या पातेल्यात अर्धी वाटी तांदूळ लावला, तर पाणी आधी आटते आणि भात खाली लागतो. त्यापेक्षा कुकरमध्ये तळाला पाणी घालून आत छोटा डबा ठेवावा. डब्यातले पाणी फारसे उडत नाही. अर्धी वाटी तांदळाला सव्वा वाटी पाणी घातले की मऊ भात होतो. दुसऱ्या डब्यात डाळ लावली तर एकाच गॅसवर दोन्ही होते.

उरलेला भात संध्याकाळी चालेल का?

फ्रीज नसेल तर टाळावा. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही टिकतात. भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर ते वाढून विष तयार करू शकतात. हे विष फोडणी देऊन किंवा पुन्हा गरम करून जात नाही. भात चिकट झाला, आंबट वास आला, तर तो टाकावाच. पण वास आला नाही म्हणजे भात चांगला आहे, असे धरू नये. वरणावर फेस किंवा बुडबुडे दिसले तरी तेच. दोघांच्या घरात भात एका बैठकीपुरता लावणे आणि संध्याकाळी पुन्हा लावणे हेच सोयीचे.

मग कमी पडले तर?

इथे भाकरी कामाला येते. भात, वरण, भाजी एकदा शिजली की वाढवता येत नाही. भाकरी एकेक थापता येते. म्हणून ओले पदार्थ मापून, थोडे कमीच करावेत आणि भुकेचा फरक भाकरीने भरून काढावा. पीठ एका वेळी एका भाकरीपुरतेच मळावे. एखादी भाकरी उरलीच, तरी ती कोरडी असते. सकाळी कुस्करून खाता येते.

माप बरोबर आहे, हे कसे कळेल?

तीन दिवस उरलेला भात त्याच वाटीने मोजून पाहावा. रोज अर्धी वाटी उरत असेल, तर तांदूळ अर्ध्या वाटीच्या तिसऱ्या हिश्शाने, म्हणजे सुमारे २० ग्रॅमने कमी करावा. तीन दिवस काहीच उरले नाही, पण रोज जास्तीची भाकरी थापावी लागली, तर तेवढाच वाढवावा. मग त्या मापावर वाटीला खूण करून ठेवावी. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून घर पुन्हा भरले, की खुणेची वाटी माणसांच्या हिशेबाने तिप्पट भरायची.