झाकलेली वीस पानं

समजा, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एक खानावळ आहे. मालकीणबाईंना रोज सकाळी ठरवावं लागतं, आज किती ताटांची कणीक भिजवायची. कमी पडली तर गिऱ्हाईक परत जातं, उरली तर पोळ्या वाया. त्यांच्याकडे ऐंशी दिवसांची वही आहे : तारीख, वार, हवा कशी होती आणि किती ताटं गेली. कॉम्प्युटर शिकलेला भाचा म्हणतो, ‘मावशी, या वहीवरून मी रोजचा अंदाज काढून देतो.’

वहीत काही गोष्टी खऱ्याच आहेत. गुरुवारी वसाहतीला सुट्टी, म्हणून ताटं निम्मी. संकष्टीला उपासवाले येत नाहीत. पण वहीत योगायोगही भरपूर आहेत. ११ मार्चला ८३ ताटं गेली, कारण त्या दिवशी पलीकडच्या खानावळीतला गॅस संपला होता. वहीत हे कारण लिहिलेलं नाही. मशीनला एवढंच दिसतं, की बुधवार होता, ११ तारीख होती आणि आभाळ भरलेलं होतं. पुरेशी मोकळीक दिली, तर ते या तिन्हींचा मिळून एक नियम करून टाकतं आणि पुढच्या तशाच बुधवारी ८३ ताटांची कणीक भिजवायला सांगतं. योगायोगाला नियम समजून पाठ करण्याच्या या खोडीला ओव्हरफिटिंग म्हणतात.

पंचाईत अशी, की खोड जितकी जास्त तितका निकाल देखणा. भाच्याने मॉडेलला सगळी ऐंशी पानं दाखवली आणि त्याच ऐंशी दिवसांवर तपासलं, तर चूक दिवसाला जेमतेम एका ताटाची निघेल. मावशी खूश होतील. ऑफिसातल्या बैठकीत ‘अचूकता ९८ टक्के’ अशी स्लाइड झळकते, तेव्हा मॅनेजरचंही असंच होतं. तो आकडा खोटा नसतो, पण कुठल्या पानांवरचा आहे, हे स्लाइडवर बहुधा नसतं.

उपाय साधा आहे. शेवटची वीस पानं झाकून ठेवायची, पहिल्या साठांवर मॉडेल शिकवायचं आणि झाकलेल्या दिवसांचे अंदाज मागायचे. हे व्हॅलिडेशन. समजा, फक्त वार पाहणाऱ्या मॉडेलची झाकलेल्या पानांवरची चूक सरासरी नऊ ताटांची आली. संकष्टी जोडल्यावर ती सातवर उतरली. मग तारीख, हवा आणि त्यांचे सगळे मेळ जोडले. जुन्या साठ दिवसांवरची चूक एकावर आली, पण झाकलेल्या वीस दिवसांवरची चौदावर चढली. शिकलेल्या पानांवर एक आणि न पाहिलेल्या पानांवर चौदा, ही दरीच ओव्हरफिटिंगची खूण. वार आणि संकष्टीवर थांबायचं, हे इथे गणित न येणाऱ्यालाही कळतं.

पानं शेवटचीच का झाकायची? मधली इकडची-तिकडची झाकली, तर आजूबाजूचे दिवस उत्तर फोडतात. एखाद्या आठवड्यात शेजारी बांधकामाचे मजूर जेवायला येत असतील, तर मंगळवार आणि गुरुवार पाहून मधला बुधवार कोणीही सांगेल. मावशींना मात्र उद्याचा आकडा हवा आहे.

आणखी एक चोरवाट आहे, आणि तीत हुशार लोकच जास्त सापडतात. भाच्याने पन्नास मॉडेलं केली, प्रत्येक त्याच वीस पानांवर तपासलं आणि सर्वांत चांगलं निवडलं, तर ती पानं झाकलेली राहिली कुठे? पन्नासांतलं एखादं निव्वळ नशिबानेही जुळतं. म्हणून दहा पानं वेगळी बांधून ठेवतात आणि निवड पक्की झाल्यावर एकदाच उघडतात.

एवढं करूनही फसगत होते. २००८ साली गुगलने अमेरिकेत ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केलं. लोक काय शोधतात, यावरून फ्लूचा अंदाज. सुमारे पाच कोटी शोधशब्द चाळून ४५ निवडले होते, आणि ते ताडून पाहायला सरकारी नोंदी होत्या फक्त ११५२. एवढ्या ढिगात योगायोगाने जुळणारं काहीतरी निघणारच. शाळकरी बास्केटबॉलचे शोधही फ्लूबरोबर वरखाली होत, कारण दोन्हींचा हंगाम हिवाळ्याचा. व्हॅलिडेशन झालं होतं. २००७-०८च्या न दाखवलेल्या नोंदींशी अंदाज उत्तम जुळले होते. पण तो हंगामही आधीच्यांसारखाच होता. २००९च्या वसंतात स्वाइन फ्लू अवेळी आला, आणि मॉडेलने त्याला कमी लेखलं. २०१२-१३च्या हिवाळ्यात उलट झालं : अंदाज सरकारी आकड्यांच्या जवळजवळ दुप्पट गेला. २०१५ साली गुगलने हे अंदाज जाहीर करणं थांबवलं.

मावशींच्या गल्लीत उद्या दुसरी खानावळ उघडली, तर झाकलेल्या वीस पानांत तिचा मागमूस नसेल. तेव्हा भाच्याने दर महिनाअखेरीस नव्या पानांवरची चूक काढायला हवी. ती सातावरून अकरा-बाराला गेली, की जुनी वही बाजूला ठेवून मॉडेल नव्याने शिकवायचं.