माग एक, साडी एक

पैठणीच्या लाइव्ह विक्रीची रीत आता घरोघरी माहीत आहे. विक्रेती एकेक साडी उलगडते, तिचा नंबर सांगते. बघणारी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि यूपीआयने पैसे भरते. जिचे पैसे आधी, साडी तिची. तासाभरात पन्नास साड्या दाखवणाऱ्या दुकानदाराला हे जमते. येवल्यात घरात एकच माग असलेल्या विणकराला मात्र जमत नाही, कारण साध्या काठापदराच्या पैठणीलाही त्याचे काही आठवडे जातात आणि पदर भरीव असेल तर महिने. दाखवायला त्याच्याकडे साडीच नसते. त्यात इन्स्टाग्रामवर हजार फॉलोअर नसले तर आता लाइव्ह करताही येत नाही.

म्हणून अशा विणकराने तयार साडी नव्हे, मागावरची साडी विकावी, असे माझे मत आहे. पदरावरचा मोर तिल्ल्यांनी कसा भरला जातो, हे तीस-चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये उत्तम दिसते. ते पाहून कुणी विचारणा केली की रंग, काठ, बुट्टी ठरवायची आणि पुढची साडी तिच्या नावाने मागावर चढवायची. समजा किंमत १८,००० रुपये ठरली आणि रेशीम-जरीला ६,००० लागणार आहेत. तेवढे तरी आगाऊ घ्यायलाच हवेत. गिऱ्हाईक मध्येच फिरले, तर तिच्या आवडीच्या रंगाची साडी दुसऱ्या कुणाला विकेपर्यंत विणकराचे पैसे अडकून पडतात. उरलेल्या रकमेपैकी निम्मी पदर पूर्ण झाल्याचा व्हिडिओ पाठवल्यावर आणि बाकीची साडी पाठवण्याआधी घ्यावी. पैसे आले की नाही, हे गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर नव्हे, आपल्या बँक खात्यात पाहावे. खोटे स्क्रीनशॉट सर्रास फिरतात.

सगळ्यात जास्त भांडणे रंगावरून होतात. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे साडी हलली की रंग बदलतो. मोबाइलचा कॅमेरा यातला एकच रंग पकडतो, आणि पिवळ्या दिव्याखाली तोही चुकीचा. साडी सकाळच्या उजेडात, फिल्टर न लावता, शेजारी पांढरा कागद ठेवून दाखवावी. व्हिडिओत कागद पिवळट दिसला, तर साडीचा रंगही खरा नाही. पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर साडी हलवून दाखवली आणि होकार लेखी घेतला, तर पुढचा वाद टळतो.

लाइव्ह करायचेच असेल, तर आठ-दहा मागवाल्यांनी साड्या एकत्र कराव्यात आणि प्रत्येक साडीसोबत ती विणणाऱ्याचे नाव सांगावे.

आणि घेणाऱ्यांनी एक करावे. व्हिडिओवर पदर उलटा करून दाखवायला सांगा. हाताने विणलेल्या पदराची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. पदर उलटा दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याला आगाऊ पैसे देऊ नका.