उरलेल्या तीन ओळी

भोसरीतल्या एका कारखान्यात माल कमी भरला, म्हणून गेटवरची रजिस्टरं तपासायला काढली. स्कॅन केलेल्या पानांवरून तयार झालेला तक्ता मी पाहिला, तेव्हा एका पिवळ्या ओळीवर नजर अडली. ‘आत येण्याची वेळ ८.१० किंवा ४.१०. खात्री नाही.’ तक्त्यात इतकं प्रामाणिक वाक्य मी आजवर वाचलं नव्हतं. ते लिहिणाऱ्या ताईंना भेटायला गेलो.

“एका पानावर २५ ओळी,” ताई म्हणाल्या. “२२ सरळ उतरतात. खरं काम उरलेल्या तीन ओळींचं.”

तारीख, नाव, गाडी नंबर, कुणाकडे, कारण, आत-बाहेरची वेळ हे सगळं आपापल्या रकान्यात जातं. पण प्रत्येक गोष्टीला दोन रकाने आहेत, एक जसं दिसलं तसं लिहायचा आणि दुसरा लावलेल्या अर्थाचा. ‘पोवार’ असेल तर ‘पवार’ करायचं नाही, कारण कोल्हापूरकडे पोवार असतातच. कारणाखाली नुसत्या दोन रेघा असतील तर वरचं कारण घ्यायचं. पानाच्या पहिल्याच ओळीत रेघा आल्या आणि मागचं पान स्कॅनमध्ये नसेल, तर ओळ पिवळी करायची.

मग ताईंनी ‘ती’ नोंद मोठी करून दाखवली. आकड्याचं डोकं उघडं होतं की शाई पुसट झाली होती, कळत नव्हतं. डोकं मिटलेलं असेल तर इंग्रजी आठ, उघडं असेल तर मराठी चार. गेटवर दोन्ही आकडे एकाच ओळीत चालतात. वरची नोंद ३.५० ची, खालची ४.२५ ची आणि याच गाडीची बाहेरची वेळ ५.३०. चारच असणार, असं मी लगेच म्हणालो.

“असेलही,” ताई म्हणाल्या, “पण ड्रायव्हर आधी आत जातो आणि वॉचमन नोंद नंतर भरतो, असंही होतं. सकाळी आठची गाडी दुपारी लिहिली असेल तर?” वेळेपुढे सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं नव्हतं. त्यांनी अर्थाच्या रकान्यात ४.१० टाकलं, शेरा ‘क्रमावरून अंदाज’, ओळ पिवळीच.

हा हट्ट मला पूर्ण पटला. पिवळा रंग काढला असता तर अंदाजाची वेळ चौकशीत पुरावा म्हणून वाचली गेली असती आणि जाब विचारला गेला असता त्या पाळीच्या वॉचमनला. ओळ पिवळी राहिली म्हणून कारखान्याने वजनकाट्याची छापील पावती शोधली. तिच्यावर वेळ होती १६.३२, म्हणजे गेटनंतर २२ मिनिटांनी. ताईंनी पिवळा रंग काढला, शेऱ्यात पावतीचा नंबर घातला, पण ‘८.१० किंवा ४.१०’ पहिल्या रकान्यात तसंच ठेवलं. उद्या कुणाला पावतीबद्दलच शंका आली, तर मूळ नोंदीपर्यंत मागे जाता आलं पाहिजे. त्या पानावरच्या उरलेल्या दोन ओळींना पावती नव्हती. त्या पिवळ्याच गेल्या, आणि तेच योग्य होतं.