बेसिनच्या काउंटरला दगड कोणता लावावा?

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी चार दुकानं पालथी घालणारी माणसं बेसिनच्या काउंटरला बहुतेकदा ओट्याचाच उरलेला तुकडा लावून मोकळी होतात. पण बाथरूममध्ये त्रास देणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात: केसांचा डाय, तेल, नेलपॉलिश रिमूव्हर, बोअरच्या पाण्याचे पांढरे थर आणि तापलेलं हेअर स्ट्रेटनर.

या स्ट्रेटनरच्या पट्ट्या सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. ग्रॅनाइटला त्याचं काही वाटत नाही. क्वार्ट्‌झचं तसं नाही. तो खाणीतून अखंड निघालेला दगड नसतो. वजनाने साधारण नव्वद टक्के क्वार्ट्‌झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट दाबून त्याची लादी बनवतात. चुरा उष्णता सोसतो, रेझिन सोसत नाही. दीडशे अंशांच्या पुढे ते करपू लागतं, आणि पांढऱ्या लादीवर स्ट्रेटनरच्या आकाराचा पिवळा डाग उमटतो. तो पुसून जात नाही, कारण तिथलं रेझिनच जळलेलं असतं.

डागांच्या बाबतीत मात्र क्वार्ट्‌झ सरस. त्यात जवळपास छिद्रं नसल्याने तेल मुरत नाही आणि सीलरही लागत नाही. फिकट ग्रॅनाइटमध्ये तेल मुरून काळपट चट्टा पडतो. म्हणून दुकानात नमुन्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला, तर सीलर लावावाच लागेल. काळा ग्रॅनाइट घेताना कापसावर थोडं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. कापूस काळा झाला, तर दगडाला रंग चढवलेला आहे. तो घेऊ नका.

सॉलिड सरफेस म्हणजे अॅक्रिलिक रेझिन आणि खनिज पूड यांची शीट. १९६० च्या दशकात ड्यूपॉन्टने ती तयार केली आणि पुढे ‘कोरियन’ या नावाने बाजारात आणली. ती तिघांत सर्वांत मऊ: चरे लवकर पडतात, स्ट्रेटनरने भाजते, रिमूव्हर सांडून राहिलं तर चकाकी जाते. पण आरपार एकाच रंगाची असल्याने वरवरचा डाग पॉलिश पेपरने घासून काढता येतो. शिवाय त्याच साहित्याचं बेसिन तिला सांधा न दिसता जोडता येतं. सिलिकॉन भरलेल्या फटीत काळी बुरशी धरते, ती कटकट इथे उरत नाही.

खर्चाचं गणित इथे ओट्यापेक्षा वेगळं पडतं. चार फूट लांब आणि २२ इंच रुंद काउंटर म्हणजे साडेसात चौरस फुटांच्या आतच. समजा ग्रॅनाइट २०० रुपये चौरस फूट आणि क्वार्ट्‌झ ६००, तरी दगडातला फरक तीन हजारांच्या आत राहतो. बेसिनचं भोक, कडांची घडाई आणि मजुरी दोन्हींना लागतेच. सॉलिड सरफेसची अख्खी शीट साधारण तीस चौरस फुटांची असते आणि कारागीरही त्यातलाच लागतो. एवढ्याशा कामासाठी ती महाग पडते. फॅब्रिकेटरकडे दुसऱ्या कामातला तुकडा उरला असेल, तरच ती परवडते.

स्ट्रेटनर रोज वापरात असेल, तर मी गडद, घट्ट दाण्याचा ग्रॅनाइट घेईन. बोअरच्या पाण्याचे थर त्यावर उठून दिसतात, म्हणून नळाभोवतीचं पाणी रोज कोरड्या फडक्याने टिपावं लागेल. ते थर काढायला टॉयलेटचं अॅसिड मात्र वापरू नका, पॉलिश मरू शकतं.