किराणा आठवड्याचा भरावा की पंधरवड्याचा?

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून माल भरणाऱ्या उपनगरातल्या एका लहान किराणा दुकानाचा हिशोब मांडून पाहू. डाळी, साखर, तांदूळ, पोहे मिळून रोज खरेदीभावाने 5,000 रुपयांचा माल खपतो, त्यावर सरासरी 8 टक्के सुटतात. एक तृतीयांश विक्री उधारीवर. टेम्पोचं भाडं 700 रुपये. गाठीला 40,000 रुपये, आणि घाऊक व्यापारी आठ दिवसांची उधारी देतो.

महिन्यात चारऐवजी दोनच खेपा केल्या तर 1,400 रुपये वाचतात. हमाली मात्र कट्ट्यामागे असते, ती तेवढीच राहते.

पण पंधरवड्याचा माल 75,000 रुपयांचा होतो. आठव्या दिवसापर्यंत त्यातला 43,200 रुपयांचा विकला जाईल आणि उधारी वगळून गल्ल्यात येतील 28,800. व्यापाऱ्याला द्यायचे 75,000. तूट 46,200 रुपयांची, म्हणजे गाठीच्या पैशांपेक्षा जास्त. उरलेला माल मांडणीवर असला तरी देणं आजच भागवायला हवं. एकदा वायदा चुकला की पुढचा माल रोखीने घ्यावा लागतो आणि भावात घासाघीसही करता येत नाही.

आठवड्याने भरलं तर देणं 35,000, गल्ल्यात 25,200. तूट 9,800. ती गाठीतून भरता येते. मात्र दर आठवड्याला तेवढीच भर पडत गेली की चौथ्या आठवड्यानंतर 39,200 रुपये बाहेर असतात. घरखर्च तर अजून धरलेलाच नाही! पगार होतात, वह्या चुकत्या होतात, तेव्हा हे पैसे परत येतात. म्हणून माझ्या मते चारही खेपा सारख्या भरणं चूक आहे. महिन्याचा किराणा लोक पहिल्या आठवड्यात नेतात. त्याच्या तोंडावर मोठी खेप आणावी आणि महिनाअखेरची आटोपशीर ठेवावी.

जागेचाही हाच कौल आहे. जास्त माल आला की नवे कट्टे पुढे लागतात, जुने भिंतीशी दबतात. पावसाळ्यात तिथल्याच रव्यात जाळी धरते, डाळीला भोकं पडतात. कट्ट्याच्या तळाशी बारीक भुकटी दिसली की समजावं, माल फार दिवस पडून आहे. साखर-मीठ कोरड्या जागी टिकतं, म्हणून थोडा जादा साठा करायचाच तर त्यांचा करावा. रवा, बेसन, पोहे आठवड्यापुरतेच असावेत.

राहता राहिलं टेम्पोचं भाडं. शेजारच्या आळीतल्या दुकानदाराबरोबर एकच टेम्पो केला तर प्रत्येकाला खेपेला 350 रुपये पडतात. चार खेपांचे 1,400, म्हणजे एकट्याने दोन खेपा केल्या असत्या तेवढेच. फक्त दोघांच्या याद्या आदल्या रात्रीच व्यापाऱ्याकडे पोचायला हव्यात, नाहीतर टेम्पो यार्डात खोळंबतो आणि वाचलेलं भाडं थांबण्याच्या पैशात जातं.