परळमध्ये झालेला मृत्यू कोणत्या तालुक्याच्या खात्यात? दर, गुणोत्तर आणि प्रमाण यांतला फरक

जव्हार, मोखाडा, शहापूर, कर्जत अशा तालुक्यांतून बाळंतपण अवघड झालं की गाडी आधी जिल्ह्याच्या ठिकाणी जाते आणि तिथेही जमलं नाही तर मुंबईकडे निघते. परळला केईएम आणि वाडिया रुग्णालयं जवळजवळ आहेत. तिथे पोहोचलेल्या प्रत्येकीचा जीव वाचतोच असं नाही. मग तो मृत्यू मोजायचा कोणाच्या नावावर?

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथेच होते. त्यामुळे गावच्या सुनेचा मृत्यू महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात, म्हणजे परळ-लालबागच्या दप्तरी जातो. नोंद म्हणून यात काही चूक नाही. गोंधळ सुरू होतो तो या आकड्याला कशाने भागायचं इथे.

तीन शब्द, तीन हिशेब

शाळेतला अपूर्णांक आठवा. वरचा अंश, खालचा छेद.

प्रमाणात अंश हा छेदाचाच भाग असतो. रुग्णालयात लेप्टोचे ५० रुग्ण आले आणि त्यांतले ५ दगावले, तर दगावण्याचं प्रमाण १० टक्के. ते पाच त्या पन्नासांतलेच आहेत.

गुणोत्तरात दोन वेगळ्या गोष्टी समोरासमोर ठेवतात. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या. हे गुणोत्तर झालं. याचा अर्थ लोकसंख्येत ८३ टक्के स्त्रिया असा नाही. एकूण १,८३२ माणसांत ८३२, म्हणजे साधारण ४५ टक्के हे त्यांचं प्रमाण.

दरात काळ येतो. अमुक लोकसंख्येत एका वर्षात किती जणांना आजार झाला किंवा मृत्यू आला, हा दर.

'माता मृत्यू दर' खरं तर गुणोत्तर

बातम्यांत 'माता मृत्यू दर' म्हणून छापलं जातं ते बहुतेक वेळा गुणोत्तरच असतं. गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांत, त्याच्याशी संबंधित कारणाने झालेले मृत्यू वर आणि जिवंत जन्म खाली. गर्भपातानंतर दगावलेली बाई वर मोजली जाते, पण खाली तिच्या नावाचा जन्म नसतो. म्हणून हे प्रमाण नव्हे. खरा दर काढायचा तर छेदात १५ ते ४९ वयाच्या सगळ्या स्त्रिया घ्याव्या लागतात. सगळी गरोदरपणं नोंदली जात नाहीत, जन्म मात्र बऱ्यापैकी नोंदले जातात. म्हणून जन्मांचा छेद सोयीचा ठरला.

एकाच तालुक्याचे तीन आकडे

समजा, एका तालुक्यातल्या महिलांची वर्षात ४,००० बाळंतपणं झाली आणि सगळी बाळं जिवंत जन्मली. ३,००० बाळं तालुक्यात जन्मली, १,००० ठाणे-मुंबईत. चार माता दगावल्या. एक तालुक्यात, तीन परळला.

फक्त तालुक्यात घडलेलं मोजलं तर ३,००० जन्मांमागे १ मृत्यू, म्हणजे लाखाला ३३. राज्याचा २०१८-२० चा आकडाही ३३ च होता. सगळं आलबेल वाटेल.

आता रहिवासानुसार मोजा. ४,००० जन्मांमागे ४ मृत्यू, म्हणजे लाखाला १००. तिप्पट! बाया त्याच, गावं तीच, फक्त मोजायची रीत बदलली.

तिसरी चूक उलट दिशेची. मृत्यू चारही धरायचे, पण जन्म फक्त तालुक्यातले ३,००० घ्यायचे. मग आकडा १३३ वर जातो. नियम साधा आहे. अंशात ज्या गावच्या बाया, छेदात त्याच गावच्या बायांची बाळंतपणं.

परळच्या बाजूनेही हेच. बाहेरगावच्या मातांचे मृत्यू वर ठेवून खाली फक्त मुंबईकर महिलांची बाळंतपणं घेतली, तर मुंबईचा आकडा उगाच फुगतो. रुग्णालयात झालेल्याच जन्मांनी भागलं तरी उत्तर मोठं येणार, कारण तिथे गंभीर केसेस जास्त येतात. त्यावरून उपचार वाईट आहेत असं ठरत नाही.

आकडा हाती आला की

तालुक्याच्या आढावा बैठकीत हा आकडा मांडला गेला, तर तीन गोष्टी विचाराव्यात. मृत्यू घडल्या जागेनुसार मोजलेत की रहिवासानुसार? बाहेर पाठवलेल्यांपैकी दगावलेल्या यात आहेत का? आणि जन्मही त्याच रीतीने मोजलेत का?

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. वरच्या तालुक्यात एक मृत्यू वाढला तर आकडा १०० वरून १२५ होतो. एवढ्या छोट्या संख्येत एका वर्षावरून 'वाढलं' किंवा 'घटलं' म्हणता येत नाही. राज्याचा आकडासुद्धा तीन वर्षं एकत्र करून काढतात. तालुक्याचीही निदान तीन-चार वर्षं एकत्र धरावीत आणि मधल्या काळात प्रत्येक मृत्यूचं कारण वेगळं तपासावं. गाडी किती वाजता निघाली आणि रक्त कुठे मिळालं नाही, हे कोणत्याही भागाकारात दिसत नाही.